‘वरचा खर्च’ किती, हे विसार देण्याआधी लिहून मिळायला हवं

मे महिन्याच्या सुट्टीत किंवा गणपतीला गावी आलेला चाकरमानी रत्नागिरी, चिपळूण, दापोली, सावंतवाडी अशा ठिकाणी फ्लॅट बघतो, तेव्हा त्याच्या हातात चार-पाच दिवस असतात. पहिल्या दिवशी तीन फ्लॅट दाखवले जातात, दुसऱ्या दिवशी एकावर बोलणी होतात, तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता आकडा ठरतो आणि लगेच पन्नास हजार किंवा लाखाचं टोकन जातं. ‘चाळीसला फायनल झालं’ असं घरी फोनवर सांगितलं जातं. त्याच बोलण्यात एजंट सहज म्हणून जातो, ‘स्टॅम्प, रजिस्ट्रेशन आणि आमचं ते वेगळं.’ या ‘वेगळं’चा आकडा त्या दिवशी कोणी मांडत नाही. तो कळतो वीस-पंचवीस दिवसांनी, बँकेचं पत्र हातात आल्यावर आणि विसार दुसऱ्याच्या खिशात गेल्यावर.

हा वरचा खर्च जास्त आहे की कमी, हा वाद मला आज घालायचा नाही. सरकारला महसूल लागतो आणि मधल्या माणसाला पोट आहे. आक्षेप आहे तो क्रमाला. जो खर्च शंभर टक्के येणार हे विकणाऱ्याला आणि एजंटला माहीत असतं, आणि ज्याचा हिशोब दहा मिनिटांत मांडता येतो, तो विसार घेऊन झाल्यावर सांगितला जातो. हा क्रम उलटा करणं कायद्याने बंधनकारक व्हावं, असं माझं म्हणणं आहे. कारण समजण्यासाठी एक व्यवहार नीट उलगडून बघू.

रत्नागिरी शहरात आठ-दहा वर्षं जुन्या इमारतीतला एक दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊ. ठरलेली किंमत ४० लाख. आकडे हिशोबासाठी घेतले आहेत, पण अशा व्यवहारात जे घडतं तेच यात आहे.

पहिला धक्का असा की मुद्रांक शुल्क ४० लाखांवर लागेलच असं नाही. ते लागतं ठरलेली किंमत आणि शासनाने काढलेलं बाजारमूल्य यांत जी रक्कम जास्त असेल तिच्यावर. शासनाचे दर वार्षिक मूल्यदर तक्त्यात असतात. त्यालाच सगळे ‘रेडी रेकनर’ म्हणतात, आणि नवे दर १ एप्रिलपासून लागू होतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या igrmaharashtra.gov.in या संकेतस्थळावर e-ASR या नावाने तक्ता उघडतो. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की विभागवार दर दिसतात. तिथे जमीन, निवासी सदनिका, कार्यालय, दुकान यांचे रकाने वेगळे असतात. दर चौरस मीटरला आणि बांधीव क्षेत्रावर असतो, तर एजंट सगळं बोलतो चौरस फुटांत, कधी कार्पेट तर कधी सुपर बिल्टअप. चूक होते ती इथे. करारात चटई क्षेत्र असेल तर त्यात ठरावीक वाढ धरून बांधीव क्षेत्र काढावं लागतं, इमारतीच्या वयाप्रमाणे घसारा वजा होतो, पार्किंग असेल तर त्याचं मूल्य वेगळं धरलं जातं. दर गुणिले चौरस फूट असा ढोबळ गुणाकार करून ‘रेकनर खालीच आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा दस्त लिहिणारा किंवा वकील हे मूल्यांकन काढून त्याचा कागद देतो. विसार देण्याआधी तो कागद बघितला पाहिजे.

आपल्या उदाहरणात समजा हे मूल्य ४२ लाख ५० हजार निघालं. म्हणजे व्यवहार चाळीसचा, पण शुल्क साडेबेचाळीसवर.

आता दर. महानगरपालिका हद्दीत मूळ मुद्रांक शुल्क ५ टक्के आहे आणि त्यावर स्थानिक संस्थेचा अधिभार चढतो. नगरपरिषद आणि ग्रामपंचायत हद्दीचा मूळ दर आणि अधिभाराची रचना वेगळी आहे. आपण सगळं मिळून ६ टक्के धरू. कोकणात ही हद्द फसवी असते. रत्नागिरीचंच बघा: नाचणे, कुवारबाव, मिरजोळे इथल्या इमारती जाहिरातीत ‘रत्नागिरी शहर’ म्हणून विकल्या जातात, रिक्षावालाही तसंच म्हणतो, पण त्या नगरपरिषदेच्या हद्दीत नसून ग्रामपंचायतीत आहेत. मग एजंट सांगतो, ‘ग्रामपंचायत आहे, स्टॅम्प कमी लागेल.’ ते खरं असू शकतं, पण शहरालगतचं गाव मूल्यदर तक्त्यात प्रभाव क्षेत्र म्हणून दाखवलेलं असेल, तर निव्वळ ग्रामीण दर लागत नाही. एका टक्क्याचा फरक म्हणजे इथे ४२,५०० रुपये. त्यामुळे हद्दीचा प्रश्न तोंडी उत्तरावर सोडू नये. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर गावाचं नाव काय आहे आणि तक्त्यात ते गाव कुठल्या विभागात येतं, हे दोन्ही जुळवून बघावं.

६ टक्क्यांनी ४२,५०,००० वर मुद्रांक शुल्क होतं २,५५,००० रुपये. नोंदणी फी किमतीच्या १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये, म्हणून इथे ३०,००० रुपये. दलाली २ टक्के, तीही ठरलेल्या चाळीस लाखांवर, म्हणजे ८०,००० रुपये. एजंट जीएसटीत नोंदणीकृत असेल तर दलालीवर १८ टक्के, म्हणजे आणखी १४,४००. तो कर वेगळा घ्यायचा असेल तर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मिळालं पाहिजे. क्रमांक नसलेल्या माणसाने ‘प्लस जीएसटी’ म्हणणं म्हणजे दलालीच वाढवणं. तो भाग सोडला तरी बेरीज ३,६५,००० होते. दस्त हाताळणी शुल्क, वकील, सोसायटीचं हस्तांतर शुल्क ही चिल्लर मी मोजलेली नाही.

चाळीस लाखांच्या तुलनेत तीन लाख पासष्ट हजार म्हणजे नऊ टक्के, फार नाही, असं कोणालाही वाटेल. पण मधल्या माणसाने सोयीने विसरलेली गोष्ट पुढे आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार घरकर्ज देताना घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दस्तांचा खर्च धरता येत नाही. अपवाद आहे तो १० लाखांपर्यंतच्या घरांना, आणि तेवढ्यात आज कोकणातल्या कुठल्या शहरात दोन खोल्या मिळतात? कर्ज ३० लाखांच्या वर आणि ७५ लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकते. चाळीस लाखांवर ३२ लाख. तेही बँकेच्या मूल्यांककाने किंमत कमी दाखवली नाही तर. उरलेले आठ लाख स्वतःचे, हे बहुतेकांना माहीत असतं आणि त्यासाठीच त्यांनी मुदत ठेवी मोडलेल्या असतात. वरचे ३,६५,००० संपूर्ण स्वतःचे, रोख नाहीतर खात्यातून, आणि तेही ताबा मिळण्याच्या आधी. म्हणजे स्वतःच्या खिशातून लागणारी रक्कम आठ लाखांवरून ११ लाख ६५ हजारांवर जाते. ही वाढ नऊ टक्के नाही, पंचेचाळीस टक्के आहे.

शुल्क आणि दलाली मोजायची ती घराच्या किमतीवर नव्हे, ग्राहकाच्या स्वतःच्या पैशावर. ज्याने आठ-नऊ लाख जमवून ‘चाळीसपर्यंत झेपेल’ असं ठरवलं, त्याला खरं तर त्याहून बराच कमी किमतीचा फ्लॅट झेपत होता. हे त्याला पहिल्या दिवशी कळलं असतं तर त्याने दुसरी इमारत बघितली असती. तिसऱ्या आठवड्यात कळलं की तो सोसायटीकडून, भावाकडून, गोल्ड लोनवर पैसे उभे करतो, कारण मागे फिरलं तर विसार जातो.

मग ‘यावर उपाय आहे’ म्हणत पुढे येतो तोच एजंट, आणि तो उपाय सर्वांत महागात पडतो. ‘दस्त कमीचा करू, बाकी वरचे.’ दस्त बाजारमूल्याच्या खाली केला तरी शुल्क बाजारमूल्यावरच लागतं, तेव्हा आपल्या उदाहरणात एक रुपयाही वाचत नाही. रेकनर किमतीच्या बराच खाली असेल तिथे शुल्क थोडं वाचतं, पण बँक कर्ज दस्तातल्या रकमेवर मोजते. दस्त ३५ लाखांचा केला तर ८० टक्क्यांनी २८ लाख मिळतील. शुल्कात तीस हजार वाचवण्यासाठी चार लाखांचं कर्ज घालवायचं आणि पाच लाख रोखीत द्यायचे. शिवाय स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेण्याला आयकर कायद्याची मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा तुमची खरेदी ३५ लाखांचीच दिसेल आणि नफा तेवढा फुगेल. गंमत म्हणजे दस्त कमीचा करा म्हणणाऱ्या माणसाची दलाली मात्र पूर्ण चाळीसवर असते. तो आकडा तो कधी कमी धरत नाही.

उलट टोकाची अडचणही आहे. शासनाचं मूल्य ठरलेल्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर गेलं आणि फरक पन्नास हजारांपेक्षा मोठा असेल, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून आयकर लागतो. चाळीसच्या व्यवहारात ही सीमा ४४ लाखांना येते. आपलं उदाहरण साडेबेचाळीसवर असल्याने वाचलं. पण समुद्राच्या बाजूला तक्त्यातला दर चढा आणि इमारत खारट वाऱ्याने पोखरलेली, अशी जोडी किनाऱ्यावर दुर्मीळ नाही. तिथे स्वस्तात मिळाला म्हणून आनंदलेला माणूस आधी शुल्क जास्त भरतो आणि मग कर. असा फरक दिसला तर दस्त करण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी अर्ज करता येतो. इमारतीची अवस्था, छायाचित्रं, मूल्यांककाचा अहवाल जोडून मूल्य निश्चित करून घ्यावं. याला वेळ लागतो, आणि विसार पावतीवर तीस दिवसांची मुदत लिहिलेली असेल तर हा मार्ग बंदच होतो.

नव्या इमारतींच्या जाहिरातीत दुसरा शब्द दिसतो: ‘स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन फ्री’. बांधकाम व्यावसायिक स्वतःच्या खिशातून शुल्क भरतो असा समज होतो. तो बहुधा किमतीत घालतो. चाळीस लाख हवे असतील आणि शुल्क-नोंदणी आत घ्यायची असेल, तर ६ टक्क्यांच्या हिशोबाने किंमत ४२ लाख ८७ हजारांच्या आसपास लावावी लागते. आता शुल्क या मोठ्या रकमेवर लागतं, म्हणजे शुल्कावर शुल्क: २,४०,००० च्या जागी सुमारे २,५७,०००. इमारत बांधकामाधीन असेल तर वाढलेल्या रकमेवर जीएसटीही चढतो. तरीही लोक ही योजना घेतात आणि त्यांना मूर्ख म्हणता येत नाही. कारण बँक ४२.८७ लाखांवर ८० टक्के, म्हणजे ३४ लाख ३० हजार देते. स्वतःचे लागतात सुमारे ८ लाख ५७ हजार. शुल्क वेगळं असतं तर आठ लाख अधिक दोन लाख सत्तर हजार, म्हणजे पावणेअकरा लाखांच्या जवळ लागले असते. दोन लाखांची आजची तंगी सुटते, बदल्यात तेवढंच कर्ज वीस वर्षं फेडायचं. हा सौदा काहींना परवडतो, काहींना नाही. पण ‘फ्री’ या शब्दाखाली तो लपवणं चूक आहे. म्हणूनच ‘सगळं किमतीत धरा’ अशी सरसकट मागणी मी करत नाही. किंमत वेगळी राहू द्या, शुल्क वेगळं राहू द्या, फक्त दोन्ही एकाच कागदावर आधी दिसू द्या.

‘शुल्क खरेदीदारानेच भरायचं असतं, त्यात सांगायचं काय?’ हे विक्रेत्यांचं नेहमीचं उत्तर. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाचं कलम ३० बघितलं तर तिथली मांडणी थोडी वेगळी आहे. उलट करार नसेल तर हस्तांतरणाच्या दस्ताचं शुल्क घेणाऱ्याने भरायचं, असं ते सांगतं. म्हणजे दोघांना ते वाटून घेता येतं. सहा महिने पडून असलेल्या फ्लॅटचा मालक तीन टक्के उचलायला तयार होईलही, पण हा प्रश्न किंमत ठरताना विचारला तरच. विसार गेल्यावर विचारणाऱ्याला कोणी दाद देत नाही. किमतीत पन्नास हजार कमी करून घेण्यासाठी दोन तास घासाघीस करणारा माणूस अडीच लाखांच्या शुल्काबद्दल एकही शब्द काढत नाही, याचं कारण तो आकडा त्याच्यासमोर ठेवलेलाच नसतो.

शुल्कात हमखास वाचणारा एक भागही याच घाईत निसटतो. १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावाने निवासी सदनिका घेतली तर शुल्कात १ टक्का सवलत आहे. सुरुवातीला १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. आपल्या उदाहरणात यात ४२,५०० रुपये वाचतात. पण खरेदीदार फक्त महिला असली पाहिजे. पती-पत्नी दोघांची नावं घातली की सवलत गेली. विसार पावती नवऱ्याच्या नावाने फाडली जाते, मग कर्जाचा अर्ज दोघांच्या नावाने, मग दस्तही दोघांचा. खरं तर कर्जात सहअर्जदार असणं आणि दस्तात सहमालक असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्नी एकटी मालक आणि पती फक्त सहकर्जदार, अशी रचना चालते का हे बँकेला सुरुवातीलाच विचारावं.

आता दलालीकडे येऊ. मुद्रांक शुल्काचा दर छापलेला असतो, दलालीला असा तक्ता नाही. एक टक्का, दोन टक्के हे रिवाजाचे आकडे आहेत, कायद्याचे नाहीत. नव्या प्रकल्पात एजंटला पैसे बांधकाम व्यावसायिक देतो आणि ग्राहकाकडून वेगळं घेण्याचं कारण नसतं. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात दोन्हीकडून घेतले जातात. कोकणात आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे साखळी. मुंबईतला ओळखीचा माणूस रत्नागिरीतल्या एजंटला फोन करतो, तो पुढे एखाद्या हार्डवेअरवाल्याला विचारतो, हार्डवेअरवाल्याला फ्लॅटमालक माहीत असतो. शेवटी तिघे बसतात, आणि एक टक्क्याचे दोन कसे झाले हे ग्राहकाला कळत नाही. दर टक्क्यात असल्यामुळे किंमत खाली आणण्यात यातल्या कोणाचाही फायदा नसतो, हेही लक्षात घ्या.

रेराच्या कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, महारेराने परीक्षाही आणली. पण ती बंधनं नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीपुरती आहेत. पूर्ण झालेल्या इमारतीतला जुना फ्लॅट त्यात येत नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचा किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प रेरा नोंदणीतून सुटतो, आणि कोकणातल्या तालुक्याच्या गावांमध्ये अशाच दोन-तीन मजली छोट्या इमारती भरपूर आहेत. जिथे ग्राहक मुंबईला राहतो, माहिती सर्वांत कमी आणि भरवसा मधल्या माणसावर सर्वांत जास्त, नेमका तिथे कायद्याचा हात पोचत नाही.

नोंदणी फीबद्दल एक गोष्ट सांगून पुढे जातो. ३०,००० ची कमाल मर्यादा ऐकायला ग्राहकाच्या बाजूची वाटते. पण चिपळुणात २५ लाखांची एक खोली घेणारा २५,००० भरतो, पूर्ण एक टक्का. अलिबागला तीन कोटींचा बंगला घेणारा ३०,००० भरतो, म्हणजे टक्क्याचा दहावा भाग. कमाल मर्यादा ठेवायचीच तर खालच्या टोकालाही सूट द्यावी. सरकारने एकदा शुल्क कमी करून बघितलंही आहे: सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये तीन टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्क्यांनी. तेव्हा नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या होत्या, यावरून हा खर्च लोकांना किती अडतो ते दिसतं.

दस्ताच्या दिवशीच्या गोंधळाचं मूळही बहुधा न केलेल्या हिशोबातच असतं. शुल्क आणि फी gras.mahakosh.gov.in वर चलनाने भरली जाते आणि GRN क्रमांक मिळतो. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरायची, वेळ घ्यायची, मग दोन साक्षीदार आणि ओळखपत्रं घेऊन जायचं. चलन ४० लाखांवर काढलेलं आणि कार्यालयात मूल्यांकन ४२.५० निघालं, तर १५,००० कमी पडतात. पुन्हा चलन, बँकेचा सर्व्हर, तोवर वेळ टळते, आणि मुंबईहून रजा काढून आलेला माणूस रात्रीच्या गाडीचं तिकीट रद्द करत बसतो. सह्या झाल्यापासून नोंदणीला चार महिने मिळतात, तेव्हा व्यवहार काही बुडत नाही, पण सर्वांना पुन्हा एकत्र आणणं सोपं नसतं. कमी शुल्कावर दस्त चुकून नोंदला गेलाच, तर लेखापरीक्षणात तो निघतो आणि फरकाची नोटीस येते. शुल्क थकलं तर दंड महिन्याला दोन टक्क्यांनी वाढतो. नोटीस येते तेव्हा एजंटचा नंबर बदललेला असतो.

मागणी करायची ती अशी. जुना फ्लॅट असो की नवा, कोणतंही टोकन घेण्याआधी विकणाऱ्याने किंवा मध्यस्थाने एक पानाचा खर्चाचा कागद सहीनिशी दिला पाहिजे. त्यावर त्या दिवशीच्या तक्त्याप्रमाणे काढलेलं बाजारमूल्य, लागू हद्द आणि दर, शुल्क, नोंदणी फी, दलालीची रक्कम रुपयांत आणि ती कोणाला किती जाणार, एवढ्या ओळी असाव्यात. मूल्यांकनाचं गणित विभागाकडे आधीच आहे. संकेतस्थळावरून सामान्य माणसाला हा कागद एका ठोक्यात छापून मिळाला, तर खासगी मध्यस्थाची सबबही उरणार नाही. रेराबाहेरच्या फ्लॅटची दलाली करणाऱ्यांनाही नोंदणी लावावी, आणि कागद न देता घेतलेली दलाली परत मागण्याचा हक्क ग्राहकाला द्यावा. रिझर्व्ह बँकेने दहा लाखांची मर्यादा निदान तीस लाखांच्या घरांपर्यंत न्यावी, ही मागणी वेगळी, पण त्याच दिशेची.

यावर एक रास्त आक्षेप आहे. एप्रिलमध्ये दर बदलतात, मार्चमध्ये दिलेला कागद मेमध्ये खोटा ठरेल, मग जबाबदारी कोणाची? उत्तर असं की कागदावर तारीख असते आणि बदल सरकारने केला तर तो कोणाच्या माथी हेही त्यातच लिहिता येतं. आज तर काहीच लिहिलेलं नसतं.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर विसार पावतीवर तीन ओळी घालून घ्यायला कोणाची परवानगी लागत नाही. ‘शासकीय मूल्यांकन ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त निघाल्यास वाढीव मुद्रांक शुल्क उभय पक्षांनी निम्मे-निम्मे द्यावे. बँकेने कर्ज नाकारल्यास किंवा ठरलेल्या रकमेपेक्षा कमी मंजूर केल्यास विसार पंधरा दिवसांत पूर्ण परत करावा. दलालीची एकूण रक्कम रुपये इतकी, ती दस्त नोंदणीनंतरच देय.’ विसार चेकने किंवा खात्यातून द्यावा आणि पावतीवर विकणाऱ्याची सही घ्यावी, एजंटची नव्हे. या ओळी वाचून एजंट म्हणेल, ‘इकडे असं कोणी लिहीत नाही.’ तेव्हा पेन त्याच्याकडे न देता मालकाकडे द्यावं.